मधला एकोणपन्नास

पनवेलच्या हायस्कुलात बीजगणित शिकवणाऱ्या बळीराम घरत मास्तरांना पोरं पाठीमागं ‘अधिक एक’ म्हणत. “आले रे, अधिक एक आले!” असं कुणीतरी कुजबुजलं की अख्खी अकरावी पाय बाकाखाली ओढून घ्यायची. हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. श्रेढीची उदाहरणं सुरू झाली की मास्तरांच्या अंगात यायचं. पहिलं पद ठाऊक आहे, शेवटचं पद ठाऊक आहे, किती-कितीनं वाढत जातं तेही ठाऊक आहे. मग पदं एकंदर किती? शेवटच्यातून पहिलं वजा करा, फरकानं भागा, आणि त्यात एक मिळवा. हा शेवटचा ‘एक’ पोरं हमखास गिळायची, आणि मास्तर ओरडायचे, “अधिक एक कुठंय? खाल्लास काय वडापावासारखा? हात पुढं कर. बोटं किती? पाच. फटी किती? चार. तू फटी मोजतोयस, मूर्खा, बोटं मोज!”

एकदा पदं नीट मोजली की पुढचं सोपं. पहिलं आणि शेवटचं पद मिळवायचं, पदांच्या संख्येनं गुणायचं आणि निम्मं करायचं. बेरीज हातात! “शंभर संख्या एकेक करून मिळवणारा हमाल,” मास्तर म्हणत, “आणि टोकाच्या दोन बघून बेरीज सांगणारा गणिती.” हे म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. व्हायचीच हो! खाडीकाठच्या गावातनं, आगऱ्याच्या घरातनं, बापाबरोबर भातशेतीत चिखल तुडवत वर आलेला माणूस. गावात पहिला बी.एस्सी. मान ताठ ठेवायचा त्याला हक्क होता. पण मान ताठ राहिली की खाली काय चाललंय ते दिसत नाही, एवढंच.

तर सत्तावन्न साल. मास्तर तिशीला टेकले होते आणि लग्नाचा पत्ता नव्हता. मुली सांगून येत होत्या, नाही असं नाही. पण मास्तरांचं एकच पालुपद: “मला शिकलेली हवी. घरी आल्यावर चार शब्द बोलता येतील अशी हवी.” त्यांची आई सोनाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. “आरं, बोलायला शेजारी हायेत की! बायको काय बोलायला आनतात?” पण आतून तिलाही कळत होतं. पोराला शाळेतनं आल्यावर कोपऱ्यात पुस्तक घेऊन एकटं बसलेलं पाहिलं की तिचा जीव तुटायचा. एवढं शिकून पोरगा घरात मुका झाला, असं ती शेजारणीला सांगायची.

शेवटी थोरल्या बहिणीचे, भामाचे, यजमान मध्ये पडले. त्यांना सगळे दाजीच म्हणत. दाजी उरणकडचे. त्यांनी उरणचं एक स्थळ आणलं. जगन पाटील, मिठागरवाले. मुलगी दमयंती, मॅट्रिक झालेली, तिथल्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण. “मॅट्रिक, तीही पहिल्या झटक्यात,” दाजी म्हणाले, “आन गणितात म्हनं सगळ्यांत पुढं. आता यावर तुमी नाय म्हनलात, तर मी तुमच्यासाठी पोरगी बघायची सोडली.”

मास्तरांनी वरवर “बघू” म्हटलं, पण त्या दिवसापासनं दाढी जरा जास्तच काळजीनं व्हायला लागली. कॉलर उलटून बघायला लागले. आई गालात हसली. गणितात पुढं! हे दोन शब्द मास्तरांच्या मनात घर करून बसले होते.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मास्तर, सोनाबाई आणि दाजी एस.टी.नं उरणला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन पाण्यानं भरलेले, हंगाम नुकता सुरू होत होता. पाटलांचं घर कौलारू, पुढं रुंद ओटी. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर पाटलांच्या घरातली झाडून सगळी पुरुषमंडळी, आणि दाराआड बायकांची कुजबुज. हा सगळा थाट आपल्याला बघायला आहे हे लक्षात येताच मास्तरांना घाम फुटला. पन्नास पोरांच्या वर्गात सिंहासारखा वावरणारा माणूस, इथं रुमालाची घडी मोडत बसला.

दमयंती पोहे घेऊन आली. निळं लुगडं, केसात अबोली, रंगानं सावळी. बसायला सांगितल्यावर बसली, पण जमिनीत डोळे पुरून नाही. दाजींनी नाव विचारलं, सोनाबाईनं स्वयंपाकाचं विचारलं, कुणीतरी चार ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. तिनं सगळं केलं. मग मुलीचे मामा म्हणाले, “मास्तर, तुमी पन काय विचारा की! तुमी शिकलेले. तुमीच परीक्षा घ्या.”

खरं म्हणजे मास्तरांना विचारायचं होतं ते निराळंच. ‘तुम्हाला पनवेल आवडेल का? माझ्याशी बोलाल का?’ पण पंधरा माणसांसमोर असलं कुणी विचारतं का? आणि ‘परीक्षा’ हा शब्द कानावर पडल्याबरोबर मास्तरांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं ते जे रोज पडायचं तेच.

“सात,” मास्तर म्हणाले, “मग दहा, मग तेरा... असं तीन-तीननं वाढत जायचं, एक्याण्णवपर्यंत. सगळ्यांची मिळून बेरीज किती?”

ओटीवर हशा पिकला. “आयला, हे काय पोरगी बघनं झालं!” मामा म्हणाले. पण दमयंती हसली नाही. तिचा चेहरा एकदम उजळला. आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं ते नेमकं कुणीतरी विचारलं होतं. ती नजर खाली करून ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली.

इकडं मास्तरही मनात उत्तर काढत होते. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नको? एक्याण्णवातून सात गेले, चौऱ्याऐंशी. तिनानं भागले, अठ्ठावीस. एवढ्यात मामांनी चहाचा कप पुढं केला, “मास्तर, साखर किती घालू?” मास्तर गडबडले. “एक, एकच चमचा.” तो एक चहात गेला म्हणा ना! पुन्हा हिशेबाकडं वळले तेव्हा डोक्यात अठ्ठावीसच उरले होते. सात नि एक्याण्णव अठ्ठ्याण्णव, निम्मे एकोणपन्नास, एकोणपन्नास गुणिले अठ्ठावीस. तेराशे बहात्तर. उत्तर कसं गुळगुळीत आलं! अपूर्णांक नाही, काही नाही. शंका यायला कुठं जागाच नव्हती.

“चौदाशे एकवीस,” दमयंती म्हणाली.

मास्तरांचं मन खरोखरच खट्टू झालं. किती मनापासून त्यांना वाटत होतं की हिचं बरोबर यावं! “नाही,” ते शक्य तितक्या मऊपणानं म्हणाले. “तेराशे बहात्तर.”

तिनं मान वर केली. सरळ त्यांच्याकडं बघितलं. “तुम्ही परत एकदा करून बघता का?”

ओटीवरचं हसणं थांबलं. दाराआडची कुजबुजही थांबली.

“मी पाटी आणू?” ती म्हणाली. “कसं केलं ते दाखवते.”

आवाजात उद्धटपणा नव्हता हो. वर्गातलं हुशार पोर बोलतं तसं ती बोलली होती. पण दाजींनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “घ्या! मास्तरांपुढं मास्तरकी!” सगळे फिदीफिदी हसले. बाप ओशाळला. आणि मास्तर? मास्तरांना वाटलं, पाटी आली, तर एवढ्या लोकांत हिची चूक आपल्याला दाखवावी लागेल, बिचारीची शोभा होईल. म्हणजे बघा, माणसाची समजूत! ते मोठेपणा दाखवत म्हणाले, “राहू दे. एवढं काही नाही. चुकतं माणूस.”

“दमे, आत जा,” जगन पाटील म्हणाले.

ती उठली. दारापाशी एक क्षण थांबली, जणू कुणी परत बोलावेल. कुणी बोलावलं नाही.

परतीच्या एस.टी.त सोनाबाई म्हणाली, “पोरगी बेस हाय. मला आवडली.”

“आई, तिला आपली चूक कबूल करता येत नाही.”

“आरं, तिनं पाटी मागितली. ज्याला लपवायचं असतं तो पाटी मागतो काय?”

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. आईला गणितातलं काय कळणार, असं त्यांना वाटलं. अडाणी बाईनं लाखाची गोष्ट सांगितली होती, आणि शहाण्या लेकानं ती वाऱ्यावर सोडली.

मास्तरांनी लगेच नकार दिला नाही. मुलगी मनात भरली होती, हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना मध्येच तो आवाज ऐकू यायचा, पाटी आणू? त्यांना एवढंच हवं होतं की तिकडून काहीतरी निरोप यावा. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द. मग ते हसून म्हणणार होते, ‘अहो, एवढ्याशा चुकीचं काय!’ सगळं मनात ठरलं होतं. पण निरोप आला नाही. पौष गेला, निरोप नाही. आणि प्रेमात पडलेला माणूस रुसला की त्याच्याइतका मूर्ख जगात दुसरा कोणी नसतो. दाजी उत्तर मागायला आले तेव्हा मास्तर तिरीमिरीत बोलून गेले, “सांगा त्यांना, मुलीचं गणित कच्चं आहे.”

दाजी सरळ माणूस. त्याला शब्द मऊ करून सांगायची कला नव्हती. जसा दिला तसा शब्द त्यानं उरणात नेऊन ओतला. आणि गावातल्या गावात असला शब्द किती वेळ घरात राहतो? पनवेलच्या हायस्कुलातल्या बीजगणिताच्या मास्तरानं जगन पाटलाच्या पोरीला गणितात नापास केलं, हे बाजारापर्यंत गेलं. मिठागरातली माणसं बोलायला लागली. पाटी-दप्तर घेऊन येणाऱ्या पोरांच्या आया बोलायला लागल्या.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले जखम चाटत बसले होते.

फाल्गुन उजाडला. तेव्हा अकरावीला असलेली एस.एस.सी.ची परीक्षा तोंडावर आली, वर्गात उजळणी सुरू झाली. श्रेढीचा दिवस आला तेव्हा मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: ७, १०, १३, ..., ९१. बेरीज किती? आता जगात हजारो श्रेढ्या पडल्यात, हीच का? पण जीभ दुखऱ्या दाताकडंच जाते. लिहून झाल्यावर मास्तर वर्गाकडं वळले आणि म्हणाले, “हे उदाहरण जपून सोडवा. दिसायला सोपं, पण एका शिकलेल्या माणसाचं यात चुकलेलं मी स्वतः पाहिलंय.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते असं!

पहिल्या बाकावरची वेणू हात वर करून उभी राहिली. “चौदाशे एकवीस, सर.”

मास्तर हसले. “बस. तुझंही तसंच झालं. दुसरं कोण?”

“चौदाशे एकवीस,” मागच्या बाकावरून आलं. “चौदाशे एकवीस,” खिडकीकडून आलं. ज्याला पाढेही पाठ नव्हते तो शिवासुद्धा म्हणाला, “सर, माझं पण चौदाशे एकवीस.”

“सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलंय काय?” मास्तर भडकले. “या वर्षी नापास व्हायचं ठरवलंय? इकडं बघा. मी करून दाखवतो.” आणि फराफरा लिहायला लागले. एक्याण्णव वजा सात, चौऱ्याऐंशी. भागिले तीन, अठ्ठावीस. “तर पदं झाली अठ्ठावीस, आणि...”

“सर, अधिक एक!”

एका पोराचा नव्हता तो आवाज, अख्ख्या वर्गाचा होता. वर्षभर ज्याच्यावरून ओरडा खाल्ला होता तो एक, सगळ्यांनी मिळून मास्तरांना परत केला. पोरांना वाटलं, मास्तर मुद्दाम चुकले, गंमत करतायत, बघतायत आपण पकडतो का. सगळी खूश होऊन हसली. वेणूनं तर पाच बोटं पसरून हात वर धरला. “सर, बोटं मोजा, फटी नको!”

मास्तरांच्या हातातला खडू तसाच फळ्याला टेकलेला राहिला. एकोणतीस. एकोणतीस पदं. अठ्ठ्याण्णव गुणिले एकोणतीस, भागिले दोन. चौदाशे एकवीस. ओटीवर बसून, जमिनीकडं बघत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत तिनं काढलेलं चौदाशे एकवीस.

“शाबास,” मास्तर पोरांना म्हणाले. “बरोबर आहे.” आणि तास संपायच्या आधीच खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना वर्गात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते एकटेच उरणच्या एस.टी.त बसले. आईला सांगितलं नाही, दाजींना तर नाहीच नाही. सगळ्या वाटेनं मनात एकच चाललं होतं: पाय धरायची वेळ आली तरी चालेल, भर ओटीवर सगळ्यांसमोर सांगायचं. सांगायचं आणि मागणी घालायची. अजून उशीर झाला नसेल. शिकलेली मुलगी, इतक्यात कुठं ठरतंय लग्न! मिठागरांत आता मीठ पिकलं होतं. रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या राशी लागल्या होत्या.

पाटलांच्या अंगणात बांबू पडले होते आणि दोन गडी मांडवाची मेढ रोवत होते.

मास्तर फाटकातच थबकले. जगन पाटील ओटीवरून उठून आले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. थकवा होता. “या मास्तर. लांबून आलात. पानी प्या.”

मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, “पाटील, तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं होतं. मी हे तिच्यासमोर सांगायला आलोय, आणि त्या दिवशी जे जे ओटीवर होते त्या सगळ्यांना सांगायची माझी तयारी आहे.”

मेढ रोवणारे गडी हात थांबवून बघत होते. मग पाटलांनी घराकडं तोंड करून हाक मारली, “दमे, बाहेर ये. मास्तर आल्यात.”

ती आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हातांत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

“चौदाशे एकवीस,” मास्तर म्हणाले. एवढंच बोलता आलं.

“हो,” ती म्हणाली.

“मी एक मिळवायला विसरलो. रोज पोरांना सांगतो, आणि मीच...”

“तेही मला ठाऊक होतं.” ती सावकाश बोलत होती, वर्गात बोलतात तशी. “तुम्ही तेराशे बहात्तर म्हणालात तेव्हाच कळलं. मी जोड्या लावल्या होत्या. सात नि एक्याण्णव अठ्ठ्याण्णव. दहा नि अठ्ठ्याऐंशी, पुन्हा अठ्ठ्याण्णव. तेरा नि पंच्याऐंशी, पुन्हा तेच. एक इकडून, एक तिकडून, असं आत-आत येत गेलं की चौदा जोड्या होतात. चौदा अठ्ठ्याण्णव तेराशे बहात्तर. तुमचं उत्तर तिथंच थांबलं होतं. मधला एकोणपन्नास उरतो. त्याला जोडीदार नाही. त्याला तुम्ही घेतलाच नाहीत.”

मास्तर बघत राहिले. सूत्र तर तेच सांगत होतं, इतकी वर्षं शिकवलेलं. अठ्ठ्याण्णवाच्या निम्मे एकोणपन्नास, म्हणून तर मधलं एकटं पदसुद्धा त्या हिशेबात गुण्यागोविंदानं बसतं. पण असं जोडी-जोडीनं, डोळ्यांसमोर, त्यांनी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. या मुलीजवळ बसून आयुष्यभर बोलता आलं असतं. हेच तर हवं होतं, बाबा! हेच हवं होतं.

“मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?” ते कसेबसे म्हणाले.

“सांगत होते. पाटी मागितली होती.”

मास्तरांनी मान खाली घातली.

“उत्तर चुकलं त्याचं मला काही वाटलं नाही,” दमयंती म्हणाली. “शाळेत माझंही चुकतं. पोरं दाखवतात, मी पुसून परत लिहिते. मला तर त्या दिवशी आनंद झाला होता. म्हटलं, याचं चुकलंय, आता पाटीवर दाखवलं की हा हसेल, आणि मग... ” ती थांबली. “तुम्ही ‘राहू दे’ म्हणालात.”

पाटील मध्येच खाकरले. “पेनचं स्थळ हाय, मास्तर. भाताची गिरन हाय त्यांची. मानसं वाईट नायत. पोरीच्या गणिताचं गावभर झाल्यावर दुसरी शिकलेली स्थळं कुठली यायला? यांनी काय विचारलं नाय. शाळा मात्र आता परत नाय, बायकांची नोकरी त्यांच्यात चालत नाय.”

“शाळा सोडलीत?” मास्तरांनी दमयंतीला विचारलं.

“गेल्या महिन्यात. आयाच म्हणायला लागल्या होत्या, हिचं गणित कच्चं, पोरांना काय शिकवणार.” तिनं हे तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. आणि म्हणूनच ते मास्तरांच्या काळजात रुतून बसलं.

ते पाटलांकडं वळले. बोलायचं ते बोलायलाच हवं होतं. “पाटील, मी अजूनही... माझी मागणी आहे. मी सगळ्यांसमोर माफी मागतो. तिला परत शिकवता येईल. पनवेलला नोकरी...”

“मास्तर,” जगन पाटील हात जोडून म्हणाले, “मी शब्द दिलाय. सुपारी फुटली. आता काय बोलायचं?”

मास्तरांनी दाराकडं बघितलं. दमयंतीनं मान हलवली, हळूच, नाही अशी. डोळे भरले होते की काय, हे त्यांना नीट दिसलं नाही, कारण त्यांचे स्वतःचे भरले होते. “या मास्तर,” ती म्हणाली. “ऊन व्हायच्या आत पोचा.” आणि आत गेली.

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! पण मास्तरांनी आपला शब्द मात्र पाळला. बाजारात चहाच्या दुकानापाशी, मिठाच्या वखारीपाशी, जो भेटेल त्याला सांगत सुटले, पाटलांच्या मुलीचं गणित पक्कं, कच्चं ते माझं. लोकांनी ऐकून घेतलं. काहींना वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. वाईट बातमी घोड्यावरून जाते, चांगली पायी जाते. ही बातमी तर लंगडतच गेली. तोवर दमयंती पेनला नांदायलाही गेली होती.

सोनाबाईला मास्तरांनी उरणहून परतल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. ती माउली रागावली नाही. जेवायला वाढता वाढता एवढंच म्हणाली, “पाटी आनू दिली असती, तर काय गेलं असतं रं तुझं?” मास्तर ताटावरून उठले. पुढंही स्थळं आली. मास्तर बघायलाच गेले नाहीत. म्हातारीनं चार-पाच वर्षं डोकं आपटलं आणि सून न पाहताच डोळे मिटले. याचंही पाप मास्तर स्वतःच्याच माथी मारत, आणि ते काही खोटं नव्हतं.

वर्गात मात्र मास्तर बदलले. ओरडणं कमी झालं. कुणाचं उत्तर वेगळं आलं की आता एकच म्हणत, “ये, फळ्यावर करून दाखव.” उत्तर धडधडीत चूक दिसत असलं तरी. पोरांनी ‘अधिक एक’ टाकून ‘करून दाखव’ असं नवं नाव ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा मास्तर रागावले नाहीत.

सात-आठ वर्षं अशीच गेली. पनवेलला रेल्वे आली, शाळेला नवे वर्ग झाले, मास्तरांच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं. त्या वर्षी श्रेढी सुरू झाली तेव्हा मास्तरांनी सवयीनं तेच उदाहरण घातलं. सात ते एक्याण्णव. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं, चंद्रावतीनं, उत्तर सांगितलं, “तेराशे बहात्तर.”

वर्ग हसला. “अधिक एक!” कुणीतरी ओरडलं.

“हसू नका,” मास्तर म्हणाले. “ये चंद्रावती. करून दाखव.”

ती घाबरत घाबरत आली. तिनं सूत्र वापरलंच नव्हतं. खडू घेऊन पहिल्या-शेवटच्या संख्यांना कमानी काढून जोडायला लागली. सात नि एक्याण्णव. दहा नि अठ्ठ्याऐंशी. कमानीत कमान, कमानीत कमान, आत-आत. मास्तर खिडकीपाशी उभे राहून बघत होते. हे पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. ते स्वतः ही रीत कधी शिकवत नसत. त्यांच्याच्यानं ते व्हायचं नाही.

“चौदा जोड्या झाल्या, सर,” चंद्रावती म्हणाली. मग फळ्याकडं बघून चपापली. सगळ्या कमानींच्या पोटात एक आकडा तसाच राहिला होता. “सर... हा एकोणपन्नास उरला. याला जोडी नाही. याचं काय करायचं?”

मास्तरांनी त्या एकट्या आकड्याकडं बघितलं.

“त्याला तसाच मिळवायचा, बाळ,” ते म्हणाले. “सोडायचा नाही. तोही आपलाच असतो.”

तिनं मिळवला. चौदाशे एकवीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि चंद्रावती लाजून जागेवर जाऊन बसली. मास्तरांनी डस्टर उचललं, फळ्यापाशी गेले, पण पुसलं काहीच नाही. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तरी ते त्या कमानींकडं बघत तिथंच उभे होते.